दुसऱ्या बाळाचं ऐकणं वाचवायचं तर सुरुवात पहिल्याच्या लाळेपासून

पाळणाघरात जाणारं दोन वर्षांचं मूल. ताप नाही, खोकला नाही, भूक चांगली, दंगा भरपूर. अशा ठणठणीत मुलाच्या लाळेत आणि लघवीत एक विषाणू महिनोन्‌महिने असू शकतो आणि त्याचा त्या मुलाला काडीचाही त्रास होत नाही. पण त्याच सुमारास त्याची आई पुन्हा गरोदर असेल, तर तोच विषाणू तिच्या तोंडावाटे तिच्या शरीरात जातो, रक्तातून वारेपर्यंत पोचतो आणि कधीकधी वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत जातो. त्या बाळाच्या कानांचं आणि मेंदूचं तो कायमचं नुकसान करू शकतो. या विषाणूचं नाव सायटोमेगॅलोव्हायरस, थोडक्यात सीएमव्ही.

त्याच्यावर लस मिळत नाही. गर्भातल्या बाळाला त्याच्यापासून हमखास मोकळं करणारं औषध नाही. पण मुलाच्या तोंडातून आईच्या तोंडात जाण्याची जी पहिली पायरी आहे, ती आपल्या घरात आहे आणि ती अडवायला एक वेगळा चमचा, साबण आणि नळाचं पाणी पुरतं. घरात लहान मूल असताना पुन्हा आई होऊ पाहणाऱ्या प्रत्येकीपर्यंत ही गोष्ट पोचली पाहिजे, आणि ती वेळेवर पोचली पाहिजे. हे आवाहन तेवढ्यासाठीच आहे.

आधी हा विषाणू लहान मुलांकडे का असतो ते पाहू. सीएमव्ही हा नागीण आणि कांजिण्यांच्या विषाणूंच्याच कुळातला. एकदा शरीरात शिरला की तो जन्मभर राहतो, बहुतेक काळ झोपून. मोठ्या माणसाला तो पहिल्यांदा झाला तर दोन-चार दिवस कणकण आणि थकवा येतो, पुष्कळदा तेवढंही होत नाही. लहान मुलांचं वेगळं असतं. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला त्याची लागण झाली की त्याचं शरीर विषाणूला लगेच आवरू शकत नाही. लाळेतून आणि लघवीतून तो बाहेर पडत राहतो, अनेक महिने, कधी वर्षाहूनही जास्त. त्यातच हे वय दिसेल ती वस्तू तोंडात घालण्याचं. पाळणाघरात एकाने चोखलेला प्लॅस्टिकचा ठोकळा पाच मिनिटांत दुसऱ्याच्या तोंडात जातो. प्रयोगशाळेतल्या तपासणीत हा विषाणू प्लॅस्टिकवर आणि काचेवर तीन तासांपर्यंत जिवंत सापडला, लाकडावर आणि धातूवर तासभर, कापडावर अर्धा तास. हातावर तो थोडी मिनिटंच टिकतो, पण लाळ पुसलेला हात स्वतःच्या तोंडाकडे जायला तेवढी मिनिटं पुरतात.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात 1980च्या दशकात संशोधकांनी अशा मुलांच्या आईवडिलांकडे लक्ष दिलं. ज्या पालकांना आधी कधी सीएमव्ही झाला नव्हता, त्यांच्यापैकी मूल पाळणाघरात जाणाऱ्या पालकांना तो होऊ लागला. ज्यांची मुलं घरीच होती, त्या गटात मात्र त्या काळात एकालाही झाला नाही. लागण झालेल्या पालकांच्या मुलांकडे पाहिलं, तर ती मुलं विषाणू बाहेर टाकत होती. म्हणजे पाळणाघरातून मुलाकडे आणि मुलाकडून आईबापाकडे, असा हा प्रवास होता.

आता पोटातल्या बाळाकडे वळू. आईला गरोदरपणात पहिल्यांदाच सीएमव्ही झाला, तर साधारण तीनातल्या एका वेळी तो बाळापर्यंत पोचतो. गरोदरपण जसं पुढे सरकतं तसं पोचण्याचं प्रमाण वाढतं, पण नुकसान कमी होत जातं. सगळ्यात नाजूक काळ म्हणजे गर्भ राहण्याच्या आसपासचे आठवडे आणि पुढचे पहिले तीन महिने. बाळाच्या कानाची आणि मेंदूची घडण तेव्हा चालू असते. जन्मभराचं नुकसान होतं ते जवळपास सगळं याच काळात झालेल्या लागणीतून. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

जन्मतः सीएमव्ही असलेल्या दहा बाळांपैकी साधारण एका बाळात जन्मताच काही दिसतं: डोकं लहान, वजन कमी, कावीळ, अंगावर बारीक लालसर-जांभळे ठिपके. उरलेली नऊ बाळं दिसायला अगदी निरोगी असतात आणि त्यातली बहुतेक पुढेही निरोगीच राहतात. पण या निरोगी दिसणाऱ्यांतल्याही शंभरातल्या दहा-पंधरा मुलांना पुढे त्रास होतो आणि तो मुख्यतः ऐकण्याचा असतो. त्यातली काही मुलं जन्मानंतरच्या श्रवण तपासणीत पास झालेली असतात. ऐकणं पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हळूहळू ओसरत जातं, कधी एका कानाचं आधी. मूल हाकेला वळेनासं होतं, बोलणं लांबतं, घरचे म्हणतात, ‘मुलगे उशिराच बोलतात.’ मूळ कारण कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण आईला गरोदरपणात आजारी पडल्याचं आठवतच नसतं.

ही साखळी घरात नेमकी कुठे जुळते ते एका दिवसात पाहता येतं. समजा, पुण्यात किंवा नाशिकमध्ये राहणारी एक नोकरदार आई आहे. मूल पावणेदोन वर्षांचं, पाळणाघरात जाणारं. ती सात आठवड्यांची गरोदर आहे आणि घरात अजून फक्त नवऱ्याला ठाऊक आहे.

सकाळी ती मुलाला मऊ वरणभात भरवते. घास गरम आहे का हे ओठाला लावून बघते, फुंकर घालते, तोच चमचा मुलाच्या तोंडात जातो आणि पुढच्या घासाला पुन्हा तिच्या ओठाला लागतो. मूल निम्मं खाऊन तोंड फिरवतं. अन्न टाकवत नाही म्हणून ताटलीतलं उरलेलं ती उभ्याउभ्या संपवते. तिचा तो पहिला नाश्ता. मग मुलाचं नाक आणि हनुवटी पदराने पुसते आणि त्याच हाताने स्वतःच्या तोंडात बिस्किट टाकते. दात घासायला मुलाला आईचाच ब्रश हवा असतो. रडारड नको म्हणून ती देते. संध्याकाळी पाळणाघरातून आणताना मूल गळ्यात पडतं, ओठांची पापी घेतं आणि अर्धं चोखलेलं बिस्किट तिला भरवतं. रात्री लंगोट किंवा डायपर बदलून ती हात नुसते पाण्याखाली धरते, कारण दूध उतू जात असतं.

यात तिची काही चूक नाही. प्रत्येक गोष्टीत माया आहे आणि काटकसर आहे. पण मुलाची लाळ आईच्या तोंडात जाण्याचे किमान पाच प्रसंग या एका दिवसात आले. ते पाचही टाळता येतात आणि मुलाची माया तसूभरही कमी होत नाही.

घास गरम आहे का हे मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मुलाचा चमचा, वाटी आणि पेला वेगळा ठेवा आणि त्याला तोंड लावू नका. मुलाच्या ताटलीत सुरुवातीलाच थोडंच वाढा, संपलं की पुन्हा वाढा, म्हणजे उष्टं उरणारच नाही. तरीही उरलं तर ते तुम्ही खाऊ नका. मुलाने भरवलेलं बिस्किट ‘हे तुझं, हे माझं’ असा खेळ करून त्याच्याच तोंडात परत द्या. पापी कपाळाची, डोक्याची, पोटाची घ्या, ओठांची टाळा. ब्रश दोन वेगळ्या पेल्यांत ठेवा. खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून स्वच्छ करण्याची सवय असेल तर ती सोडा. लाळेरं, रुमाल आणि चोखलेली खेळणी साबणाच्या पाण्याने धुवा.

आणि हात. लंगोट बदलल्यावर, नाक किंवा लाळ पुसल्यावर, मुलाला भरवल्यावर आणि त्याची चोखलेली खेळणी आवरल्यावर साबण लावून वीस सेकंद हात चोळा. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण तेच विरघळवतो, म्हणून त्याला महागडं जंतुनाशक लागत नाही. नुसत्या पाण्याचा भरवसा धरू नका. प्रवासात साबण नसेल तर हाताला लावायचं सॅनिटायझर चालतं. दिवसभर हात धूत बसायची गरज नाही. लाळ आणि लघवी लागण्याचे ठरावीक प्रसंग आहेत, तेवढ्याच वेळी धुवा, पण त्या वेळी चुकवू नका.

काय करायची गरज नाही हेही तितकंच स्पष्ट सांगते. मुलाला जवळ घेणं, कुशीत झोपवणं, अंघोळ घालणं थांबवू नका. त्याचं पाळणाघर बंद करू नका. मुलाची सीएमव्ही तपासणी करून घेऊ नका, कारण उत्तर काहीही आलं तरी घरातली काळजी तीच राहणार.

एवढ्याशा सवयींनी खरंच फरक पडतो का? इटलीत हे मोजून पाहिलं गेलं. तिथल्या ज्या गरोदर बायकांना आधी सीएमव्ही झालेला नव्हता आणि ज्यांचा लहान मुलांशी रोजचा संबंध होता, त्यांना गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात या सवयी समजावून सांगितल्या आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. अशा 331 जणींपैकी फक्त 4 जणींना लागण झाली. तुलनेच्या गटातल्या 315 जणींना असं काही सांगितलेलं नव्हतं, त्यांच्यापैकी 24 जणींना झाली. शंभरी सात-आठवरून हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बायकांना औषध दिलेलं नव्हतं, त्यांना फक्त माहिती नीट समजावली होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ‘आपल्याकडे तर जवळजवळ सगळ्यांनाच हा विषाणू लहानपणी होऊन जातो. मग आपल्याला कसली भीती?’ भारतातल्या बहुसंख्य बायकांच्या रक्तात सीएमव्हीच्या जुन्या लागणीची खूण सापडते हे बरोबर आहे. जुनी लागण बरंचसं संरक्षण देते हेही बरोबर आहे. अशा आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता पहिल्यांदाच लागण झालेल्या आईपेक्षा कितीतरी कमी असते. पण ती शून्य नसते. झोपलेला विषाणू गरोदरपणात जागा होऊ शकतो. शिवाय सीएमव्हीचे अनेक उपप्रकार आहेत, त्यामुळे लहानपणी एक होऊन गेलेल्या आईला पाळणाघरातून आलेला दुसरा होऊ शकतो. दिल्लीजवळच्या निमशहरी भागात झालेल्या एका अभ्यासात जवळपास सगळ्याच आयांना जुनी लागण झालेली होती, तरीही तपासलेल्या 423 नवजात बाळांपैकी 9 बाळांना, म्हणजे शंभरी सुमारे दोन बाळांना, जन्मतः सीएमव्ही होता. प्रत्येकीचा धोका लहान, पण आया असंख्य, म्हणून बाळांची एकूण संख्या मोठी होते.

मर्यादाही सांगायला हवी. आधी लागण झालेल्या बायकांमध्ये हात धुण्याने नेमका किती फायदा होतो, याचा इटलीसारखा हिशेब मांडलेला नाही. विषाणू आतूनच जागा झाला तर साबण काही करू शकत नाही. पण बाहेरून येणाऱ्या नव्या उपप्रकाराचा रस्ता तोच आहे: मुलाच्या तोंडातून आईच्या तोंडात. तो बंद करायला काही खर्च येत नाही आणि त्याचा कुणालाही अपाय नाही. परदेशात वाढलेल्या, तिथेच पहिल्यांदा आई झालेल्या आणि मूल डे-केअरला ठेवणाऱ्या मराठी मुलींना तर इटलीतल्या बायकांचा हिशेब बऱ्यापैकी थेट लागू पडतो, कारण त्यांच्यापैकी अनेकींना लहानपणी ही लागण झालेली नसण्याची शक्यता जास्त असते.

याच संदर्भात ‘टॉर्च’ तपासणीबद्दल बोलणं भाग आहे, कारण आपल्याकडे सीएमव्ही हे नाव बहुतेक जणींना त्या रिपोर्टमध्येच पहिल्यांदा दिसतं आणि घर हादरतं. रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला हा विषाणू कधीतरी होऊन गेला आहे, बहुधा लहानपणी. तो आजार नाही आणि त्याला उपचार नको. आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणजे आत्ताच लागण झाली असंही नक्की नसतं. ती खूण महिनोन्‌महिने रेंगाळते आणि कधीकधी चुकीचीही येते. अशा वेळी ॲव्हिडिटी नावाची तपासणी लागण जुनी की ताजी हे ठरवायला मदत करते. केवळ एका आयजीएमच्या आकड्यावरून गर्भ ठेवायचा की नाही असा निर्णय कुणीही घेऊ नये. गर्भवैद्यक तज्ज्ञाला दाखवा, सोनोग्राफी बघू द्या, लागेल तर गर्भजल तपासू द्या. लागण पहिल्या तीन महिन्यांतली आहे हे लवकर कळलं तर काही ठिकाणी तज्ज्ञ व्हॅलासायक्लोव्हिर मोठ्या मात्रेत देतात, त्याने बाळापर्यंत लागण पोचण्याचं प्रमाण कमी होतं.

आणि बाळ जन्मलं की एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: एकविसावा दिवस. बाळ पहिल्या श्रवण तपासणीत पास झालं नाही, किंवा डोकं लहान आहे, ठिपके आहेत, तर डॉक्टरांना विचारा, ‘बाळाच्या लघवीची सीएमव्ही पीसीआर तपासणी करायची का?’ हा प्रश्न एकवीस दिवसांच्या आत विचारायचा. त्यानंतर बाळाला आईच्या दुधातूनही हा विषाणू मिळालेला असू शकतो आणि मग जन्मतः होता की नंतर आला हे सांगता येत नाही. दुधातून आलेला विषाणू पूर्ण दिवसांच्या बाळाला इजा करत नाही, म्हणून त्या भीतीने अंगावरचं दूध तोडू नका. जन्मतः लागण असलेल्या आणि लक्षणं दिसणाऱ्या बाळाला पहिल्या महिन्यातच व्हॅलगॅनसायक्लोव्हिर सुरू करून सहा महिने दिलं तर ऐकणं टिकायला मदत होते. लक्षणं नसली तरी अशा बाळाचे कान पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

आता माझी मागणी. गरोदर बाईला ही माहिती द्यायची तर ती कधी द्यायची? पहिली नोंदणी बहुतेकदा आठव्या ते बाराव्या आठवड्यात होते. तोवर सगळ्यात नाजूक आठवडे सरून चाललेले असतात. तिथेही सांगायलाच हवं, दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीतही सांगायला हवं, पण तेवढ्यावर भागणार नाही. या आईला त्याआधी गाठायचं तर एकच हुकमी जागा आहे. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान ती पहिल्या मुलाला बूस्टरच्या लसीसाठी घेऊन येते: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा बूस्टर, पोलिओचे थेंब. नेमकं हेच वय मुलाने भरपूर लाळ गाळण्याचं, आणि नेमकं तेव्हाच अनेक घरांत दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झालेला असतो. विषाणू देणारं मूल आणि तो घेऊ शकणारी आई, दोघं एकत्र आपल्यासमोर बसलेली असतात.

बालरोगतज्ज्ञांनो, परिचारिकांनो, आशाताई आणि अंगणवाडीताईंनो, लस दिल्यावर अर्धा तास ही आई तिथेच थांबते. त्या वेळात तिला विचारा, ‘दुसऱ्या बाळाचा विचार आहे का?’ हो म्हणाली किंवा लाजून हसली, तर एवढं सांगा: ‘मग आजपासून याचं उष्टं खाऊ नका, याचा चमचा तोंडात घालू नका, ओठांची पापी घेऊ नका, लाळ-लंगोटानंतर साबणाने हात धुवा. पुढच्या बाळाच्या कानांसाठी.’ सांगायला अर्धं मिनिट लागतं. लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर चार ओळी मराठीत लावा. माता आणि बाल संरक्षण कार्डावर हाताने लिहून दिल्या तरी चालेल. पाळणाघर चालवणाऱ्यांनो, दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या प्रत्येक आईला हीच माहिती द्या आणि चोखलेली खेळणी रोज धुवा. तुमच्याकडे काम करणारी बाई स्वतः गरोदर असेल, तर लाळ पुसणं आणि लंगोट बदलणं यासाठी तिला साबण आणि हातमोजे हाताशी असू द्या.

आणि घरातल्या मोठ्यांनो, सुनेच्या पहिल्या तीन महिन्यांत नातवंडाला भरवायचं काम आजीने घ्यावं, लंगोट बदलायचं काम बापाने घ्यावं. बापानेही हात धुवावेत आणि मुलाचं उष्टं खाऊ नये, कारण लागण त्याच्याकडूनही तिच्याकडे जाऊ शकते. उष्टं टाकलं म्हणून सुनेला बोलू नका. ताटात कमी वाढण्याची जबाबदारी तुम्ही घ्या.

हा लेख वाचणाऱ्या तुमच्या ओळखीत एक तरी अशी बाई असेल, जिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल आहे आणि मनात दुसऱ्याचा विचार आहे. तिने अजून कुणाला काही सांगितलं नसेल, तरीही तिला आजच ही माहिती सांगा, कारण तिच्याकडे गोड बातमी असल्याचं तुम्हाला कळेल तोवर उशीर झालेला असू शकतो.